पन्नास टक्क्यांपर्यंत सवलत : पाटीवरचा आकडा आणि आपल्या बिलावरचा आकडा

जून संपत आला की पुण्यात लक्ष्मी रोडवर, दादरला रानडे रोडवर आणि प्रत्येक मॉलच्या काचांवर लाल-पिवळ्या पाट्या चढतात. आकडा हातभर उंच असतो. ‘५०%’ रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतं. त्याच्या डोक्यावर बोटभर अक्षरांत ‘अप टू’ असतं आणि शेजारी एक चांदणी. चांदणीचा खुलासा काचेच्या अगदी खाली, गुडघ्याच्या पातळीवर : ‘निवडक मालावर, अटी लागू.’ दिवाळीनंतर, डिसेंबरच्या शेवटी, हीच पाटी पुन्हा लागते. कपड्यांच्या धंद्यात याला सीझन संपतानाचा सेल म्हणतात. वर्षातून दोनदा येणाऱ्या या सेलमध्ये मध्यमवर्गीय घरातली बरीचशी कपडेखरेदी होते, म्हणून ही पाटी नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

पाटी सांगते ती गोष्ट एवढीच, की या दुकानात कुठल्याही वस्तूवर ५० टक्क्यांहून जास्त सवलत नाही, आणि ५० टक्के सवलत असलेली काही वस्तू आहे. म्हणजे तो सवलतीचा कमाल आकडा आहे. किमान किती, ते पाटीवर नाही. ते शून्यही असू शकतं. या दोन टोकांच्या मध्ये माल कसा विभागला आहे, कितीवर दहा टक्के, कितीवर तीस, हेही नाही. ग्राहकाच्या खिशाशी संबंध असलेली माहिती नेमकी तीच असते. कमाल आकड्यावरून सरासरी कळत नाही. एखाद्या वर्गात एका मुलाला ९८ गुण पडले म्हणून त्या वर्गाचा निकाल कसा लागला ते सांगता येत नाही, तसंच हे.

तरीही आपण आकडा वाचतो आणि ‘पर्यंत’ सोडून देतो. यात आपला बावळटपणा नाही, वाचण्याची रीतच तशी आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. खिडक्या विकणाऱ्या एका काल्पनिक कंपनीची जाहिरात लोकांना दाखवली गेली. त्या खिडक्या बसवल्या तर घर गरम आणि थंड ठेवण्याच्या खर्चात ४७ टक्क्यांपर्यंत बचत होईल, असा तिचा दावा होता. काहींना ‘पर्यंत’ असलेली जाहिरात दाखवली, काहींना ते काढून टाकलेली. दोन्ही गटांनी जाहिरातीचा जो अर्थ लावला त्यात फारसा फरक पडला नाही. सावधगिरीसाठी घातलेला तो शब्द वाचणाऱ्याच्या मनात सावधगिरी निर्माण करत नाही, असा त्याचा अर्थ. लहान अक्षरांत लिहिला तर आणखीच नाही.

आता दुकानाच्या आत जाऊ. एकाच छपराखाली एका शर्टावर दहा टक्के आणि शेजारच्या शर्टावर पन्नास टक्के, असं का असतं? दुकानदाराची लहर हे त्याचं कारण नाही. सवलत ठरते ती एका प्रश्नावर : हा माल सवलतीशिवाय विकला जाण्याची शक्यता किती उरली आहे?

पुरुषांचे शर्ट घेऊ. एका डिझाइनचा शर्ट दुकानात येतो तो साईझच्या संचाने : ३८, ३९, ४०, ४२, ४४ आणि ४६. मधल्या साईझचे नग जास्त, दोन्ही टोकांचे कमी. तरीही मधले नग आधी संपतात, कारण बहुतेक गिऱ्हाईक ४० आणि ४२ चं असतं. काही आठवड्यांनी त्या डिझाइनमध्ये ३८ चे दोन, ४६ चे तीन आणि ४४ चा एक असे नग उरतात. याला साईझ तुटणं म्हणतात. साईझ तुटलेलं डिझाइन दर्शनी भागात ठेवायची पंचाईत होते, कारण दहा माणसांनी उचललं तर आठांना ते बसत नाही, आणि ते आठजण हिरमुसून निघून जातात. तो माल आधी मागच्या रॅकवर जातो आणि मग सर्वांत मोठ्या सवलतीत.

रंगाचंही तसंच. पांढरा, आकाशी, नेव्ही ब्लू आणि काळा पुढच्या वर्षीही खपतात. मोहरीचा पिवळा, वीटकरी किंवा त्या वर्षीच्या फॅशनचा हिरवा रंग मागे राहिला तर पुढच्या वर्षी तो जुना दिसतो. कपड्याची जात मोसमी असेल तर घाई आणखी वाढते. लिननचे अर्ध्या बाह्यांचे शर्ट जुलैत जागा अडवतात, स्वेटर आणि जाकिटं फेब्रुवारीत. दुकानाला ती जागा हवी असते, आणि जागेपेक्षाही जास्त त्या मालात अडकलेला पैसा हवा असतो. गणपती ते दिवाळी हा वर्षातला सर्वांत मोठा हंगाम. त्याचा माल भरायला ऑगस्टमध्ये रोकड लागते. पडून राहिलेला शर्ट अर्ध्या किमतीत विकून त्या पैशात पूर्ण किमतीला जाणारा नवा शर्ट आणणं, हा दुकानाच्या दृष्टीने तोट्याचा नव्हे, शहाणपणाचा व्यवहार आहे.

याच्या उलट टोकाला रोजचा चालता माल असतो. साधा पांढरा फॉर्मल शर्ट, गडद निळी जीन्स, काळी पँट, शाळेचे मोजे, बनियन. हा माल सेल असो-नसो विकला जाणारच आहे. त्यावर दहा टक्के मिळाले तरी पुष्कळ, आणि अनेकदा काहीच मिळत नाही. त्याच्याही पलीकडे नव्याने आलेला माल. त्या रॅकपाशी गेलात की सेल्समन सांगतो, ‘ताई, हा फ्रेश माल आहे, याच्यावर सेल नाही.’ बऱ्याच दुकानांत हा फ्रेश माल दारातून आत शिरताच पहिल्यांदा दिसेल असा मांडलेला असतो. पाटीने आत आणलेला माणूस आधी त्याच्यासमोर उभा राहतो.

अनेक ब्रँड ठेवणाऱ्या मोठ्या दुकानात आणखी एक गोष्ट असते. तिथे बहुतेक ब्रँडची सवलत दुकान ठरवत नाही, ब्रँड स्वतः ठरवतो. एका ब्रँडची ‘फ्लॅट ४०’, दुसऱ्याची ‘३० पर्यंत’, तिसरा सेलमध्येच नाही. बाहेरच्या पाटीवर मात्र या सगळ्यांतला सर्वांत मोठा आकडा चढतो. म्हणून ‘फ्लॅट’ आणि ‘अप टू’ यांतला फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा. फ्लॅट म्हणजे त्या विभागातल्या प्रत्येक नगावर तेवढी सवलत. मला विचाराल तर ‘फ्लॅट ३०’ ही पाटी बहुतेक गिऱ्हाइकांसाठी ‘अप टू ५०’ पेक्षा जास्त मोलाची असते, आणि का, ते आकड्यांतच दिसतं.

समजा, एका दुकानात सेलमध्ये ४०० शर्ट आहेत. त्यांपैकी ४० शर्टांवर ५० टक्के सवलत आहे, ६० वर ४० टक्के, ११० वर ३० टक्के, १२० वर २० टक्के आणि ७० वर १० टक्के. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण विभागणीचा आकार धंद्याच्या रीतीला धरूनच आहे : टोकाला थोडा माल, मध्ये गर्दी. प्रत्येक नगाची सवलत धरून सरासरी काढली तर ती २७ टक्के येते. पाटीवरच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. सर्वांत जास्त शर्ट २० टक्क्यांच्या पायरीवर आहेत. पाटी खरी आहे, कारण ४० शर्ट खरोखरच अर्ध्या किमतीत आहेत. दुकानात न पाहता एखादा शर्ट उचलला तर तो अर्ध्या किमतीचा असण्याची शक्यता मात्र दहात एक.

पण कोणी न पाहता शर्ट उचलत नाही. आपण आपला साईझ उचलतो. या ४०० शर्टांत ४० साईझचे ९० शर्ट आहेत असं धरू. साईझ तुटण्याचं गणित लक्षात घेतलं तर त्यांची विभागणी साधारण अशी असेल : ५० टक्क्यांत एक, ४० टक्क्यांत सहा, ३० टक्क्यांत बावीस, २० टक्क्यांत छत्तीस आणि १० टक्क्यांत पंचवीस. सरासरी २१ टक्क्यांवर येते. आणि ४६ साईझचे ४० शर्ट आहेत, त्यांतले चौदा ५० टक्क्यांत, दहा ४० टक्क्यांत, नऊ ३० टक्क्यांत, पाच २० टक्क्यांत आणि दोनच १० टक्क्यांत. इथे सरासरी ३७ टक्के निघते. दुकान तेच, पाटी तीच, दिवसही तोच. चाळीस साईझच्या माणसासाठी तो २१ टक्क्यांचा सेल आहे आणि शेहेचाळीस साईझच्या माणसासाठी ३७ टक्क्यांचा. अगदी बारीक किंवा अगदी दणकट अंगाच्या माणसाला सेलमध्ये नेहमी चांगली वस्तू मिळते आणि मध्यम अंगाचा माणूस ‘मला कधीच काही मिळत नाही’ म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात.

आता एका कुटुंबाचं बिल पाहू. घरातल्या चौघांनी मिळून पाच वस्तू घेतल्या. २,४९९ रुपये छापील किमतीची पँट २० टक्के सवलतीत, १,५९९ ची कुर्ती ४० टक्क्यांत, १,९९९ चा शर्ट ३० टक्क्यांत, ७९९ चा मुलाचा टीशर्ट १० टक्क्यांत, आणि ९९९ चा पट्टा, ज्यावर सवलत नव्हती. पाचही छापील किमतींची बेरीज ७,८९५. प्रत्यक्ष दिले ६,०७६. बिलाच्या तळाशी ‘तुम्ही वाचवले रु. १,८१९’ असं छापून येतं. ही सवलत २३ टक्क्यांची आहे. पन्नास टक्क्यांच्या पाटीखालून आत गेलेल्या कुटुंबाच्या हाती तेवीस टक्के पडले, आणि यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. त्यांनी नुसतं हवं ते घेतलं. हवं ते आणि दुकानाला काढून टाकायचं आहे ते, या दोन गोष्टी क्वचितच एक असतात.

या बिलातली पट्ट्याची ओळ बारकाईने बघावी अशी आहे. पट्टा, मोजे, रुमाल, परफ्यूम अशा वस्तू बिलिंग काउंटरजवळ असतात. मोठ्या वस्तूवर पैसे वाचल्याचा आनंद मनात ताजा असताना त्या हातात येतात. तो पट्टा काढला असता तर याच बिलावरची सवलत २६ टक्क्यांवर गेली असती.

‘वाचवले’ हा आकडा कशातून वजा झाला आहे, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे तो जवळजवळ नेहमी एमआरपीतून, म्हणजे सर्व करांसह छापलेल्या कमाल किरकोळ किमतीतून, वजा होतो. एमआरपी ही कायद्याने घातलेली वरची मर्यादा आहे. तिच्याहून जास्त दराने विकायचं नाही, कमी दराने कितीही विका. ती वस्तू कालपर्यंत त्याच किमतीला विकली जात होती, असं एमआरपी म्हणत नाही. ब्रँडच्या शर्टांच्या बाबतीत सेलच्या आधी बहुधा खरोखर एमआरपीच घेतली जाते, त्यामुळे तिथे टक्क्यांना अर्थ असतो. पण चाकांच्या प्रवासी बॅगा पाहा. बारा महिने त्या छापील किमतीच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी दराने विकल्या जातात. गाद्या आणि भांड्यांचे संच यांतही असे नग पुष्कळ दिसतात. अशा वस्तूवर ‘५० टक्के’ म्हणजे रोजचाच भाव. आठ हजार छापील किमतीची बॅग एप्रिलमध्ये साडेतीन हजारांना मिळत असेल, तर जुलैत ‘अर्ध्या किमतीत’ चार हजारांना ती महाग पडली. म्हणून कपड्यांबाहेरच्या वस्तूंसाठी टक्के विसरून जावेत आणि फक्त रुपये लक्षात ठेवावेत : हीच वस्तू, याच मॉडेलची, महिन्यापूर्वी किती रुपयांना होती?

युरोपीय संघाने हाच प्रश्न कायद्यात घातला आहे. २८ मे २०२२ पासून तिथे सवलत जाहीर करताना दुकानदाराला त्या वस्तूची आधीची किंमत सांगावी लागते, आणि ती म्हणजे त्याने मागच्या किमान ३० दिवसांत आकारलेली सर्वांत कमी किंमत. काही दुकानं ही किंमत बारीक अक्षरांत देऊन टक्के मात्र दुसऱ्याच किमतीवरून काढत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की टक्केसुद्धा त्या ३० दिवसांतल्या किमान किमतीवरूनच काढले पाहिजेत. ‘अप टू’च्या बाबतीत ब्रिटनमधल्या २०१० च्या सरकारी मार्गदर्शिकेत एक साधा ठोकताळा होता : पाटीवरची कमाल सवलत सेलमधल्या किमान १० टक्के मालावर असली पाहिजे. वरच्या उदाहरणातलं दुकान, चारशेत चाळीस, त्या कसोटीवर जेमतेम उतरलं असतं.

आपल्याकडे इतका नेमका आकडा नाही, पण कायदा गप्प आहे असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. वस्तू सामान्यतः ज्या किमतीला विकली जाते त्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं तिच्यात येतं. विकण्याचा इरादाच नाही अशा मालाची ‘स्वस्त विक्री’ जाहीर करणंही येतं, आणि बाजाराचं स्वरूप पाहता वाजवी म्हणता येईल इतका काळ व इतका माल न ठेवता ती जाहीर करणंही. म्हणजे ४०० शर्टांच्या दुकानात दोन शर्ट ५० टक्क्यांत टांगून काचभर पाटी लावली, तर ती चुणचुणीत विक्रीकला ठरत नाही. तिच्याविरुद्ध तक्रार करायला जागा आहे.

९ जून २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींसाठी वेगळी कलमं आहेत. जाहीर केलेल्या किमतीला वस्तू मिळण्याची वाजवी शक्यता असली पाहिजे, त्या मागणीला पुरेल इतका माल असला पाहिजे आणि साठा अपुरा पडण्याची शंका असेल तर जाहिरातीत तसं सांगितलं पाहिजे. खुलाशांबद्दलही लिहिलं आहे. खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, त्याच फाँटमध्ये हवा आणि सहज दिसेल अशा जागी हवा. दावा डोळ्यांसमोर आणि चांदणीचा अर्थ गुडघ्यापाशी ही मांडणी त्या तत्त्वाशी जुळत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण पहिल्यांदा दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं.

बिलाच्या वेळी होणारी एक चलाखी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्येच अमान्य केली आहे. ‘फ्लॅट ४० टक्के’ अशी जाहिरात करून सवलतीच्या किमतीवर वेगळा व्हॅट लावल्याचं ते प्रकरण होतं. छापील किंमत सर्व करांसह असते, तेव्हा तिच्यावर सवलत देऊन वर पुन्हा कर घेणं ही दिशाभूल आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दोन हजारांच्या वस्तूवर ४० टक्के सोडले तर बाराशे होतात. त्यावर पाच टक्के कर चढवला की १,२६० झाले, म्हणजे सवलत ३७ टक्क्यांवर आली. व्हॅटची जागा आता जीएसटीने घेतली, पण एमआरपी आजही सर्व करांसहच असते. म्हणून बिलाची शेवटची रक्कम टॅगवरच्या किमतीतून सवलत वजा करून येते तेवढीच आहे का, हे काउंटरवरच पाहावं. बिलात कराची ओळ असतेच, पण ती त्या रकमेच्या पोटातली असली पाहिजे, वरची नव्हे.

एकावर एक चढवलेल्या सवलतींचाही हिशेब असाच नीट करावा. ‘५० टक्के, वर आणखी २० टक्के’ ही सवलत ७० टक्क्यांची नसते. हजाराचे पाचशे होतात आणि पाचशेतून वीस टक्के गेले की चारशे उरतात, म्हणजे ६० टक्के. ‘दोन घ्या, एक मोफत’ यात मोफत मिळतो तो सर्वांत स्वस्त नग. १,९९९, १,७९९ आणि ९९९ च्या तीन वस्तू घेतल्या तर ९९९ सुटतात. एकूण ४,७९७ वर ती २१ टक्के सवलत झाली. तिन्ही वस्तू एकाच किमतीच्या असतील तरच ती ३३ टक्क्यांपर्यंत जाते.

मग दुकानात शिरल्यावर करायचं काय? पहिली फेरी वस्तूंना हात न लावता मारावी. प्रत्येक रॅकच्या डोक्यावर सवलतीचं छोटं कार्ड असतं. कोणता आकडा सर्वांत जास्त ठिकाणी दिसतो तेवढंच पाहायचं. तोच त्या दुकानाचा खरा सेल. तीन मिनिटांत समजतं, की हे ‘अप टू ५०’ मुळात वीसचं दुकान आहे की चाळीसचं. मग ५० टक्क्यांचा रॅक शोधायचा आणि तिथे फक्त आपला साईझ बघायचा. टॅगवर एस, एम, एल याबरोबर सेंटिमीटरमध्ये मापही असतं. सेलच्या गर्दीत ट्रायल रूमपुढे रांग असते तेव्हा घरातल्या नेमक्या बसणाऱ्या कपड्याचं माप लिहून नेलेलं असलं तर फार उपयोगी पडतं.

टॅग हातात आल्यावर किमतीच्या जागेवर बोट फिरवावं. किंमत कमी केल्याचा स्टिकर लावायला परवानगी आहे, पण त्याखाली मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. पूर्ण झाकणारा स्टिकर दिसला तर खालचा आकडा कमीही असू शकतो, आणि मग ती सवलत कागदावरचीच.

मोठ्या सवलतीतल्या मालाचं वय हाही विचार करण्याचा मुद्दा आहे. सुती शर्ट दोन वर्षं गोदामात राहिला तर घडीवर पिवळसर रेघ पडते. उजेडात धरून कॉलर आणि घडी तपासली की ती दिसते. इलॅस्टिकची पट्टी ताणून सोडावी. करकर वाजली किंवा पट्टी सैल राहिली तर तिचं आयुष्य संपत आलेलं आहे. सर्वांत जास्त जपावं ते बुटांच्या बाबतीत. अनेक हलक्या, मऊ तळव्यांमध्ये पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या ओलाव्याने ते वर्षानुवर्षं आतून विघटित होत राहतं, बूट एकदाही न घालता. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही क्रिया जास्त वेगाने होते. असा बूट दिसायला कोरा असतो आणि आठवडाभर चालल्यावर तळव्याचे तुकडे पडू लागतात. दुकानात तळवा अंगठ्याने दाबावा आणि बूट थोडा वाकवावा. बारीक भेगा, चिकटपणा किंवा बोटाला लागणारा भुगा दिसला तर तो ७० टक्के सवलतीतही घेऊ नये.

असं काही घरी आल्यावर लक्षात आलं आणि बिलावर ‘सेलचा माल बदलून मिळणार नाही’ असा शिक्का असला तरी हात बांधलेले नाहीत. रंग आवडला नाही म्हणून बदलून देणं ही दुकानाची मर्जी. सदोष माल परत घ्यायला नकार देणं मात्र २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. त्यासाठी बिलात लिहिलेली मुदत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवस, धरले जातात. तेवढ्यासाठी पक्कं बिल घ्यावं आणि पाटीचा एक फोटो काढून ठेवावा, खालच्या चांदणीच्या ओळीसकट. दुकानाशी बोलून भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

राहिला प्रश्न कधी जायचं याचा. सेल एका दिवसात ठरून संपत नाही, तो उतरत जातो. पहिल्या आठवड्यात ३० टक्क्यांत असलेला शर्ट विकला गेला नाही तर तीन-चार आठवड्यांनी ४० वर येतो, आणि शेवटी उरलेला माल ‘फ्लॅट ५०’ च्या ढिगात जातो. दर उतरतो तसे साईझही संपतात. तेव्हा ४० किंवा ४२ साईझ आणि पांढरा-निळा रंग हवा असेल, तर पहिल्याच आठवड्यात, शक्यतो शनिवार-रविवार सोडून, २० ते ३० टक्क्यांवर घ्यावं. अजून उतरेल म्हणून थांबलात तर उतरलेल्या किमतीचा तुमच्या मापाचा शर्ट उरलेला नसतो. टोकाचा साईझ असेल, रंगाचा हट्ट नसेल किंवा पुढच्या थंडीसाठी जाकीट घेऊन ठेवायचं असेल, तर शेवटच्या दहा दिवसांत जावं. लहान मुलांच्या बाबतीत मात्र पुढच्या वर्षासाठी घेताना साईझ एक सोडून दुसरा घ्यावा लागतो, आणि तो अंदाज चुकला तर ती खरेदी कुठल्याही टक्क्यात वाया जाते. वाढत्या मुलांसाठी सेलमधून याच मोसमात वापरले जातील एवढेच कपडे घ्यावेत.